एकच कागद, तीन प्रश्न : बोटांचे ठसे, रक्त आणि दस्तऐवज तपासणीचं प्रकरण थोडक्यात

न्यायवैज्ञानिक शास्त्राच्या पुस्तकात बोटांचे ठसे, रक्त आणि दस्तऐवज हे तीन विषय बहुधा वेगवेगळ्या धड्यांत येतात. विद्यार्थी ते वेगवेगळे पाठ करतात आणि परीक्षेत एकाचं दुसऱ्यात मिसळतात. म्हणून आपण इथे एकच कागद घेऊ आणि तिन्ही तपासण्या त्याच्यावरच करू.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यात वालूर हे गाव आहे. अशा गावात जमिनीचा वाद कसा उभा राहतो हे बहुतेकांनी पाहिलेलं असतं. घरातला म्हातारा माणूस जातो, तेरावं होतं, आणि मग भावकीतला कुणीतरी इसार पावती काढून दाखवतो. म्हणतो, "आजोबांनी दोन एकराचा सौदा माझ्याशी केला होता, इसाराचे पैसेही घेतले होते." पावतीखाली निशाणी डावा अंगठा आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, पण त्यातला एक म्हणतो की ही सही माझी नाही. कागदाच्या कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. घरचे म्हणतात, अंगठा जबरदस्तीने घेतला, त्या झटापटीत आजोबांचा हात कापला होता. पावतीवाला म्हणतो, डाग पानाचा आहे. (हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेलं आहे, कुठल्या खऱ्या घराचं नाही.)

आता प्रश्न तीन : अंगठा कुणाचा? डाग कशाचा? लिखाण आणि सही खरी की बनावट?

आधी क्रम, मग तपासणी

पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकलेली असते, पण प्रत्यक्षात सगळा पुरावा हिच्यावर टिकतो किंवा जातो. ठसे उठवण्याची रसायनं शाई विरघळवू शकतात. ठशाची तपासणी आधी केली तर सहीची तपासणी कायमची बाद होऊ शकते. म्हणून आधी कागदाचे फोटो काढायचे, मोजपट्टी बाजूला ठेवून. मग फक्त प्रकाश आणि सूक्ष्मदर्शक वापरून लिखाण तपासायचं, कारण यात कागदाला काहीच होत नाही. त्यानंतर डागाचा छोटासा तुकडा किंवा स्वॅब घ्यायचा. अदृश्य ठशांसाठी रसायन लावायचं ते सगळ्यात शेवटी.

कागद घडी न घालता, टाचणी किंवा स्टेपल न मारता पाकिटात ठेवायचा. पाकिटावर जे लिहायचं ते कागद आत घालण्याआधी लिहायचं. नाहीतर वरून पेन दाबून लिहिताना आतल्या कागदावर नवे खळगे पडतात आणि ते उद्या पुरावा म्हणून वाचले जातात.

महाराष्ट्रात हा कागद एकाच दारात जात नाही, हेही लक्षात ठेवा. अंगुली मुद्रा केंद्र आणि शासकीय दस्तऐवज परीक्षक राज्य गुन्हे अन्वेषण विभागात, म्हणजे पुण्यात सीआयडीकडे आहेत. रक्त आणि डीएनए न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातं. तिचं मुख्यालय मुंबईत कलिना इथे आहे आणि मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर व नांदेड इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. एक कागद दोन ठिकाणी फिरणार असेल तर तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची सलग नोंद हवी. या नोंदीत एक दिवसाचा खंड पडला तरी वकील तिथेच बोट ठेवतो.

अंगठा कुणाचा?

पावतीवरचा अंगठा शाईचा आहे, म्हणजे तो दृश्य ठसा. मेण किंवा ओल्या रंगात उमटतो तो साच्याचा ठसा. घामामुळे उमटलेला पण डोळ्यांना न दिसणारा तो सुप्त ठसा. याच पावतीवर सुप्त ठसेही असणार, कारण ती ज्यांनी ज्यांनी हाताळली त्यांची बोटं तिला लागली आहेत.

ठशांमागची तत्त्वं तीन. एकाचा ठसा दुसऱ्यासारखा नसतो, अगदी एकसारख्या जुळ्या भावंडांचाही नाही. बोटावरच्या रेषा गर्भात तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात तयार होतात आणि जन्मभर त्याच राहतात. आणि ठशांचं वर्गीकरण करता येतं. आपल्याकडे ज्याला शंख आणि चक्र म्हणतात तेच मुख्य प्रकार आहेत, तिसरा प्रकार कमान. साधारणपणे 100 पैकी 60 ते 65 ठसे शंखाचे, 30 ते 35 चक्राचे आणि जेमतेम 5 कमानीचे असतात.

इथे एक चूक फार होते. "दोन्ही ठसे चक्राचे आहेत, म्हणजे माणूस एकच" असं लिहिलं की गुण गेले. नमुना जुळणं ही फक्त गटाची खूण आहे. ओळख पटते ती रेषांच्या बारीक तपशिलांवरून : रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, कुठे ती दुभंगून पुन्हा जुळते आणि मध्ये तळं सोडते, कुठे नुसता ठिपका आहे. हे तपशील त्याच जागी, त्याच दिशेने आणि मधल्या तेवढ्याच रेषा मोजून दोन्हीकडे सापडायला हवेत. किती सापडायला हवेत? पुस्तकांत 8 किंवा 12 असे आकडे दिसतात. कायद्यात आकडा नाही. उलट बाजूने मात्र नियम कडक आहे : ज्याचं कारण सांगता येत नाही असा एकच फरक सापडला तरी ठसे वेगळे.

जुळवायचं कशाशी? आजोबा तर नाहीत. इथे अनेकांना वाटतं की आधारमधून ठसा मागवता येईल. तो मिळत नाही. आधार कायद्यानुसार बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुणालाही दिली जात नाही. न्यायालयाच्या आदेशाने इतर माहिती मिळू शकते, पण त्यातूनही हे ठसे वगळलेले आहेत. उपयोगी पडतो तो दुय्यम निबंधक कार्यालयातला आधीचा एखादा नोंदणीकृत दस्त. नोंदणी कायद्याच्या कलम 32अ मुळे खरेदीखतासारख्या दस्तावर पक्षकारांचे फोटो आणि बोटांचे ठसे लागतात, आणि त्या ठशाबद्दल सहसा कुणाचा वाद नसतो.

शेतकऱ्याच्या अंगठ्याची एक वेगळी अडचण असते. मातीत आणि अवजारांवर आयुष्य गेलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, भेगा पडलेल्या असतात. त्यात गावात अंगठा घेताना शाई भरपूर लावतात आणि अंगठा दाबून थोडा फिरवतात. रेषांमधल्या खाचा शाईने भरून जातात आणि कागदावर नुसता निळा गोळा उरतो. अशा वेळी तज्ज्ञ "तुलनेस अयोग्य" असं लिहितो. याचा अर्थ "अंगठा आजोबांचा नाही" असा होत नाही. दोन्ही पक्ष मात्र तो आपल्याला हवा तसा घेतात.

सुप्त ठशांसाठी कागदावर पावडर फारशी चालत नाही. ती काच, स्टील, गुळगुळीत लाकूड अशा पृष्ठभागांसाठी. कागदासाठी आयोडीनची वाफ, मग निनहायड्रिन, मग सिल्व्हर नायट्रेट, आणि याच क्रमाने. आयोडीन घामातल्या तेलकट अंशावर तपकिरी रंग देतं, पण तो उडून जातो, म्हणून लगेच फोटो घ्यायचा. निनहायड्रिन घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळा रंग देतं. ही आम्लं कागदाच्या तंतूंना धरून बसतात, म्हणून जुन्या कागदावरही ठसे मिळू शकतात. सिल्व्हर नायट्रेट घामातल्या मिठावर काम करतं आणि कागद बराच खराब करतं, म्हणून शेवटी. प्लॅस्टिक पिशवी किंवा बाटली असेल तर सुपरग्लूची वाफ.

तज्ज्ञांचीही चूक होते. 2004 मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर सापडलेल्या एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला आणि त्याला अटक झाली. स्पॅनिश पोलिसांना तोच ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं आढळलं. दोन माणसांचे ठसे सारखे निघाले असं तिथे घडलं नव्हतं. अपुऱ्या ठशात माणसांना साम्य दिसलं होतं.

डाग कशाचा?

रक्ताची तपासणी म्हणजे जिना आहे. एक पायरी चढल्याशिवाय दुसरी नाही. हे रक्त आहे का, खात्रीने रक्तच आहे का, माणसाचं आहे का, कोणत्या गटाचं आहे, आणि कोणाचं आहे.

पहिल्या पायरीला प्राथमिक चाचणी म्हणतात. यातली विद्यार्थ्यांना सर्वाधिक विचारली जाणारी चाचणी कॅसल-मेयर. हिमोग्लोबिन हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन मोकळा करायला मदत करतं आणि त्यामुळे रंगहीन केलेलं फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी होतं. स्वॅबवर आधी रंगद्रव्याचं द्रावण टाकायचं, थांबायचं, आणि मग पेरॉक्साइड. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पेरॉक्साइड टाकण्याआधीच गुलाबी रंग आला तर तो रक्ताचा नाही, दुसऱ्या कुठल्या तरी रसायनाचा, उदाहरणार्थ तांब्याच्या क्षारांचा आहे. रंग काही सेकंदांत आला पाहिजे. मिनिटभराने आलेला धरायचा नाही, कारण तेवढ्या वेळात द्रावण हवेनेही गुलाबी होतं. बटाटा, मुळा अशा भाज्यांच्या रसातल्या विकरांमुळेही फसवा रंग येऊ शकतो. म्हणून ही चाचणी नकारार्थी आली तर बहुतेक विषय संपला, होकारार्थी आली तर एवढंच कळतं की पुढे जायला हरकत नाही.

दुसरी पायरी खात्रीची. ताकायामा चाचणीत पिरिडिनच्या द्रावणात गरम केल्यावर गुलाबीसर, पिसासारखे स्फटिक दिसतात. टाइकमन चाचणीत मीठ आणि ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने तपकिरी चौकोनी स्फटिक. पण हे कोंबडीच्या रक्तालाही येतात. माणसाचं रक्त ठरवायला अवक्षेप चाचणी लागते. मानवी प्रथिनांविरुद्ध तयार केलेलं प्रतिद्रव्य आणि डागाचा अर्क एकमेकांना भिडतात तिथे पांढरी रेघ दिसली की रक्त माणसाचं. घरी मटण कापताना उडालेला डाग आणि माणसाचा डाग इथे वेगळे होतात.

मग गट. वाळलेल्या डागात पेशी फुटलेल्या असतात, तरी प्रतिजन धाग्यांवर टिकून असतात. शोषण आणि विमोचन पद्धतीने त्यांच्यावरून एबीओ गट काढता येतो. गट माणसाला वगळू शकतो, पकडू शकत नाही. डाग बी गटाचा आणि आजोबा ओ गटाचे असतील तर डाग आजोबांचा नाही. दोन्ही बी असतील तर एवढंच म्हणता येईल की असू शकतो, कारण गावात बी गटाची माणसं शेकड्याने सापडतील.

इथे महाराष्ट्राच्या मातीतला एक अपवाद आहे. 1952 मध्ये मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगट शोधला. या लोकांच्या पेशींवर एच प्रतिजनच नसतो. ए आणि बी हे प्रतिजन एचवर उभे राहतात, त्यामुळे तेही दिसत नाहीत. साध्या चाचणीत हे रक्त ओ गटाचं वाटतं. एचविरोधी द्रव्य वापरलं तरच फरक कळतो. म्हणून ओ गटाच्या मुलाचा बाप एबी असूच शकत नाही, हा पाठ्यपुस्तकी नियम अशा घरात चुकतो.

शेजारच्या मानवत तालुक्यातलं 1972 ते 1974 मधलं मानवत हत्याकांड अनेकांनी ऐकलं आहे, मुंबई पोलिसांतले रमाकांत कुलकर्णी यांनी त्याचा तपास केला. त्या काळी प्रयोगशाळा जास्तीत जास्त रक्तगटापर्यंत पोहोचू शकत होती. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत अॅलेक जेफ्रीज यांना 1984 मध्ये सापडली. 1977 मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा मोठा काथ्याकूट झाला तो माफीच्या साक्षीदाराच्या जबानीवर कितपत विसंबायचं यावर. शेवटची पायरी नसली की खटल्याचं वजन माणसांच्या बोलण्यावर जातं.

आज आपल्या डागातून डीएनए मिळाला तर तो आजोबांच्या मुलामुलींच्या डीएनएशी ताडून पाहता येतो. डीएनए मिळतो पांढऱ्या पेशींमधून. माणसाच्या पक्व तांबड्या पेशींना केंद्रकच नसतं. दोन गुणांचा हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो.

रक्ताचा नमुना सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी धरते, डीएनए जातो. डागाशेजारच्या स्वच्छ भागाचाही एक नमुना घ्यायचा. प्रतिक्रिया डागाची आहे, कागदाची नाही, हे त्याच्यावरून कळतं.

सही आणि लिखाण

दस्तऐवज तपासणीचं मूळ तत्त्व उलटसुलट वाटतं : दोन माणसं सारखं लिहीत नाहीत, आणि एक माणूसही दोनदा अगदी सारखं लिहीत नाही. साक्षीदाराच्या सहीत प्रत्येक वेळी थोडा फरक असतो, त्याला नैसर्गिक फरक म्हणतात. म्हणूनच वादातली सही जुन्या एखाद्या सहीवर ठेवून तंतोतंत बसली तर तज्ज्ञाचा संशय वाढतो. ती बहुधा काचेखाली दिवा लावून किंवा कार्बनने गिरवलेली असते.

तुलनेसाठी दोन प्रकारचे नमुने लागतात. एक, वादाच्या आधी सहज केलेल्या सह्या, बँकेचा फॉर्म, सोसायटीचं रजिस्टर, ग्रामसभेची हजेरी. दुसरा, आता समोर बसवून घेतलेल्या सह्या. दुसऱ्या प्रकारात माणूस मुद्दाम अक्षर बदलू शकतो. म्हणून भरपूर सह्या घेतात, प्रत्येक वेगळ्या कागदावर, आधीची नजरेआड करून. आरोपीला नमुना द्यायला लावणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड या 1961 च्या निकालात ठरवलं.

बनावट सही आकारावरून ओळखायला जाऊ नका, आकार तर तो नीटच काढतो. वेग पाहा. खरी सही करताना हात पळतो, म्हणून रेघेच्या सुरुवातीला आणि शेवटी ती बारीक होत जाते, दाब कमी-जास्त होतो. नक्कल करणारा चित्र काढतो : टोकं बोथट, दाब सर्वत्र सारखा, मध्येच पेन उचललेला, नंतर दुरुस्ती केलेली. थरथर दिसली तर घाई नको. म्हाताऱ्या हाताची थरथर ओबडधोबड असते पण रेघ पुढे जात राहते. नकलेची थरथर बारीक, एकसारखी असते आणि नेमकी वळणांवर येते.

देवनागरीत शिरोरेषा मोठी साक्षीदार आहे. काही जण प्रत्येक अक्षराची वेगळी रेघ देतात, काही पूर्ण नाव लिहून मग एका झटक्यात रेघ ओढतात, काही देतच नाहीत. क चा पोटातला फुगा, ल ची वळणं, वेलांटी खालून वर की वरून खाली, या सवयी लिहिणाऱ्याला स्वतःलाही माहीत नसतात.

आपल्या पावतीत मात्र खरा कळीचा प्रश्न वेगळा आहे. अंगठा आजोबांचाच निघाला, तरी तो कोऱ्या कागदावर घेऊन वर मजकूर नंतर लिहिला असेल तर? ठसा "कोणाचा" हे सांगतो, "केव्हा" आणि "कशासाठी" हे सांगत नाही. ते कागदाला विचारावं लागतं. मजकुराच्या शेवटच्या ओळी दाटीवाटीने, अंगठ्याला वळसा घालून लिहिल्या आहेत का? कागदाच्या जुन्या घडीवरून शाई गेली असेल तर ती तुटलेल्या तंतूंत पसरलेली दिसते, म्हणजे घडी आधी आणि लिखाण नंतर. अक्षराची रेघ ठशाच्या रेषेला छेदत असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली कोणती वर आहे हे पाहतात, पण दोन्ही शाया पातळ असतील तर ठाम उत्तर मिळेलच असं नाही, आणि छेद नसेल तर हा मार्गच बंद. रकमेत एक शून्य नंतर घातलं असेल तर डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या दोन शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. खोडलेलं तिरप्या प्रकाशात आणि अतिनील प्रकाशात उघडं पडतं. मुद्रांक कागदाची तारीख विक्रेत्याच्या नोंदवहीशी ताडायची. पावती ज्या दिवसाची म्हणतात त्या दिवशी तो मुद्रांक विकलाच गेला नसेल तर प्रयोगशाळेचीही गरज उरत नाही.

परीक्षेत येणारे मुद्दे

हर्शेल यांचं नाव आलं की 1858, बंगालमधलं जंगीपूर आणि राज्यधर कोनाई हा कंत्राटदार लिहा. पुढे करार नाकारता येऊ नये म्हणून हर्शेल यांनी त्याच्या हाताचा ठसा करारावर घेतला होता. जगातलं पहिलं अंगुली मुद्रा केंद्र कोलकात्यात, 1897 मध्ये. हेन्री पद्धत विचारली तर अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ही नावं लिहायला विसरू नका. वर्गीकरणाचं गणिती काम बरंचसं त्यांचं होतं. "संपर्कात आलेल्या दोन वस्तू काहीतरी देतात, काहीतरी घेतात" हे तत्त्व लोकार्ड यांचं.

प्राथमिक आणि खात्रीची चाचणी यातला फरक विचारला तर कॅसल-मेयर विरुद्ध ताकायामा, आणि फसवा होकार कशाने येतो ते एक उदाहरण. रक्ताच्या थेंबाचा कोन विचारला तर डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे त्या कोनाचं साइन : 6 मिमी रुंद आणि 12 मिमी लांब डाग असेल तर 0.5, म्हणजे 30 अंश.

कायद्याच्या प्रश्नात जुनी कलमं लिहू नका. 1 जुलै 2024 पासून तज्ज्ञाच्या मतासाठी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 39 आहे, पूर्वीचं 45. न्यायालयाने स्वतः सही किंवा अक्षर ताडून पाहण्यासाठी कलम 72, पूर्वीचं 73. सही, अक्षर किंवा बोटांचे ठसे द्यायला लावण्याचा दंडाधिकाऱ्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 मध्ये आहे. तज्ज्ञाचं मत हे मतच असतं, ते न्यायालयावर बंधनकारक नाही.

आणि "झेरॉक्सवरून सहीची तपासणी होते का?" हा प्रश्न आला तर : दाब, पेन उचलल्याच्या जागा, शाईचा थर, घडी आणि छेद यातलं काहीच झेरॉक्समध्ये नीट उतरत नाही. त्यामुळे मूळ कागद हवा. पावतीवाला मूळ कागद दाखवायला टाळाटाळ करू लागला, तर आजोबांच्या घरच्यांनी आधी तोच न्यायालयात हजर करायला लावण्याचा अर्ज करायचा असतो.